पूर्वचाचणीचं काम आणि चिठ्ठीचं काम

सहावीच्या वर्गात १/३ आणि १/४ यांची बेरीज विचारली, की काही वह्यांत हमखास २/७ हे उत्तर सापडतं. मुलानं अंशात अंश मिळवलेला असतो आणि छेदात छेद. दोन गोष्टी मिळवूनही उत्तर मूळच्या १/३ पेक्षा लहान आलं आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण १/३ म्हणजे नेमकं किती हे त्याच्या डोळ्यांसमोर नसतं.

यावर शिक्षक दोन वाटांनी जातात. पहिली वाट नियमाची. ३ आणि ४ यांचा लसावि १२, म्हणून ४/१२ अधिक ३/१२, उत्तर ७/१२. फळ्यावर चार उदाहरणं आणि मग भरपूर सराव. दुसरी वाट घड्यांची. चौकोनी कागदाला उभ्या घड्या घालून तीन सारखे पट्टे करायचे, आडव्या घड्या घालून चार. कागद उलगडला की १२ घरं दिसतात. एक उभा पट्टा म्हणजे ४ घरं, एक आडवा पट्टा म्हणजे ३ घरं. मिळून ७ घरं, १२ पैकी. दोन्ही पट्टे एकाच कागदावर रंगवले तर एक घर दोघांत येतं, म्हणून दोन कागद घ्यावे लागतात. हे मुलांना स्वतः शोधू द्यायचं की सांगून टाकायचं, यावरही शिक्षकांत मतभेद असतात.

यातली कोणती पद्धत जास्त उपयोगी, हा प्रश्न बी.एड., एम.एड.च्या प्रबंधांत आणि शाळेतल्या कृतिसंशोधनांत सतत येतो. कधी विषय अपूर्णांक असतो, कधी इंग्रजी वाचन, कधी भूगोलाचे नकाशे. आराखडा मात्र बहुधा एकच असतो. आधी पूर्वचाचणी घ्यायची, मग शिकवायचं, मग उत्तरचाचणी घ्यायची आणि दोन्हींतले गुण ताडून पाहायचे. आराखडा सोपा दिसतो. पण मुलं दोन गटांत कशी गेली, यावर त्याच गुणांचा अर्थ पूर्ण बदलतो, आणि छोट्या अभ्यासांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

सुरुवात एका गटाच्या अभ्यासानं करू. समजा, २५ गुणांच्या पूर्वचाचणीत एका तुकडीची सरासरी ८ आली. तीन आठवडे घड्यांनी शिकवलं आणि उत्तरचाचणीत सरासरी १५ झाली. सात गुण वाढले, पण ते कशामुळे वाढले हे सांगता येत नाही. तीन आठवडे अपूर्णांक कोणत्याही पद्धतीनं शिकवले असते तरी गुण वाढलेच असते. प्रश्नपत्रिका तीच असेल तर मुलांना प्रश्न आठवले असतील. काहींनी घरी किंवा शिकवणीत तो धडा केला असेल.

या कारणांपेक्षा फसवं कारण आणखी एक आहे. अनेकदा अभ्यासासाठी मागे पडलेली मुलंच निवडली जातात. पूर्वचाचणीत वर्गाची सरासरी १२ आहे आणि आपण खालची अशी मुलं घेतली, ज्यांची सरासरी ६ येते. या मुलांत काही खरोखर कच्ची आहेत. काहींचा तो दिवस वाईट होता. कुणी तापातून उठून आलं होतं, कुणाला नेमके न येणारेच प्रश्न पडले होते. तशीच दुसरी चाचणी पुन्हा घेतली तर वाईट दिवसाचा हा भाग सगळ्यांच्या वाट्याला परत येणार नाही. दोन चाचण्यांचा सहसंबंध ०.७ असेल, आणि शालेय चाचण्यांत तो तेवढा सहज असतो, तर काहीही न शिकवता या मुलांची सरासरी ६ वरून जवळजवळ ८ वर जाईल. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची तुलना करताना ही ओढ मांडली. फार उंच पालकांची मुलं उंच असतात, पण सरासरीनं पालकांइतकी नाही. टोकाला निघालेली मोजणी दुसऱ्या वेळी सरासरीकडे सरकते. उपचारात्मक अध्यापनाच्या कितीतरी अहवालांतली वाढ निदान अंशतः या ओढीची असते, आणि एकाच गटाच्या अभ्यासात ती वेगळी काढता येत नाही.

म्हणून दुसरा गट लागतो. शाळेत तो तयारच असतो. तुकडी अ आणि तुकडी ब. वेळापत्रक मोडावं लागत नाही, मुख्याध्यापकांची परवानगी लवकर मिळते, पालकांचा प्रश्न येत नाही. अ ला घड्यांनी शिकवायचं, ब ला नियमानं. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ मध्ये अध्यापनविषयक संशोधनाच्या एका हँडबुकात दीर्घ प्रकरण लिहून अशा सोळा अभिकल्पांची छाननी केली. पुढे ते स्वतंत्र पुस्तक म्हणून निघालं आणि आजही शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत त्याचीच मांडणी शिकवली जाते. तयार तुकड्या जशा आहेत तशा घेण्याचा अभिकल्प त्यांच्या यादीत दहावा आहे. त्याच्या नावातच त्यांनी सांगितलं आहे की हा नियंत्रित गट समतुल्य नाही.

तुकड्या समतुल्य का नसतात, हे शाळेत काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. कुठे गुणांवरून तुकड्या पडतात, कुठे माध्यमावरून, कुठे प्रवेश उशिरा घेतलेली मुलं शेवटच्या तुकडीत जातात. इथे पूर्वचाचणी मदतीला येते असं आपण धरतो. फरक आधी किती होता ते कळलं की तो वजा करता येईल, हा त्यामागचा विचार.

तो किती पुरतो ते आकड्यांत पाहू. आकडे माझे आहेत, हिशेब तपासायला सोपे पडावेत म्हणून योजलेले. प्रत्येक तुकडीत २४ मुलं. पूर्वचाचणीत अ ची सरासरी ८, ब ची १२. उत्तरचाचणीत अ ची १५, ब ची १७.

पहिला वाचक फक्त उत्तरचाचणी पाहतो. ब दोन गुणांनी पुढे आहे, म्हणून नियमाची पद्धत सरस ठरते. दुसरा म्हणतो, सुरुवात तर पाहा. अ ची वाढ ७, ब ची ५. घड्यांची पद्धत दोन गुणांनी सरस ठरते. तिसरा वाचक संख्याशास्त्र शिकलेला आहे. तो प्रत्येक तुकडीच्या आत डोकावतो. एकाच तुकडीतलं जे मूल पूर्वचाचणीत दुसऱ्यापेक्षा एक गुण पुढे होतं, ते उत्तरचाचणीत सरासरीनं किती पुढे राहिलं? आपल्या उदाहरणात समजा अर्धा गुण. म्हणजे आधीची आघाडी निम्मी होते. मग ब ची चार गुणांची आघाडीही पद्धत सारखी असती तरी निम्मी, म्हणजे दोन गुणांची झाली असती. शेवटी ब नेमकी दोनच गुणांनी पुढे आहे. म्हणून दोन्ही पद्धती सारख्या. या तिसऱ्या हिशेबाला सहप्रसरण विश्लेषण म्हणतात.

गुण तेच, मुलं तीच आणि उत्तरं तीन. यातल्या कुणाचीही बेरीज-वजाबाकी चुकलेली नाही.

हा पेच नवा नाही. अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेतले मानसमापनतज्ज्ञ फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९६७ मध्ये तो एका काल्पनिक विद्यापीठाच्या भोजनालयातल्या मुलामुलींच्या वजनांवर मांडला. वर्षाच्या सुरुवातीचं आणि शेवटचं वजन दोन संख्याशास्त्रज्ञांनी तपासलं. एकानं वाढ पाहिली आणि मुलगे-मुलींत फरक नाही असं सांगितलं. दुसऱ्यानं सुरुवातीच्या वजनाचं समायोजन केलं आणि मोठा फरक आहे असं सांगितलं. लॉर्ड यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या विरोधाभासावर पुढची कित्येक वर्षं लिहिलं गेलं. शाळेच्या संदर्भात त्याचा गाभा असा. पद्धतींत फरकच नसता तर अ आणि ब मधलं चार गुणांचं अंतर तीन आठवड्यांनी किती राहिलं असतं? चारच राहिलं असतं तर वाढ मोजणारा बरोबर. दोन झालं असतं तर समायोजन करणारा बरोबर. ब मधली मुलं मुळातच वेगानं पुढे जाणारी असतील, घरी शिकवणी असेल, तर अंतर पाच-सहाही झालं असतं. मग दुसऱ्या वाचकाला दोन गुणांनी सरस दिसलेली घड्यांची पद्धत प्रत्यक्षात तीन-चार गुणांनी सरस होती. न घडलेल्या गोष्टीविषयीचा हा प्रश्न आहे आणि हातातल्या चार सरासरींत त्याचं उत्तर नाही.

यातून सुटायला आपल्याकडच्या प्रबंधांत एक उपाय नेहमी केलेला दिसतो. दोन्ही तुकड्यांतून पूर्वचाचणीत सारखे गुण मिळालेल्या मुलांच्या जोड्या लावायच्या, बाकीची मुलं सोडून द्यायची आणि या निवडक मुलांना समतुल्य गट म्हणायचं. वाचताना हा उपाय नेटका वाटतो. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता आणि तो आजही पुरेसा ऐकला जात नाही, याचं मला वाईट वाटतं. अ ची सरासरी ८ आहे. तिथल्या १० गुण मिळवलेल्या मुलांत बरीच अशी असणार, ज्यांचा दिवस चांगला गेला होता. ब ची सरासरी १२. तिथल्या १० गुणांच्या मुलांत बरीच अशी, ज्यांचा दिवस वाईट गेला होता. जोडी लागली, कागदावर दोघं सारखी. दुसरी चाचणी झाली की प्रत्येक मूल आपापल्या तुकडीच्या सरासरीकडे सरकतं. दोन चाचण्यांचा सहसंबंध ०.५ असेल तर अ मधलं मूल सरासरीनं ९ वर येतं आणि ब मधलं ११ वर जातं. काहीच न शिकवता दोन गुणांचा फरक तयार झाला आणि तो पद्धतीच्या नावावर लिहिला गेला. गाल्टन यांची ओढ इथे दोन विरुद्ध दिशांनी काम करते.

तितकीच रुळलेली दुसरी सवय म्हणजे पूर्वचाचणीच्या गुणांवर टी-परीक्षिका लावायची, सार्थक फरक नाही असं दिसलं की गट समतुल्य ठरवायचे. मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन ५ असेल आणि प्रत्येक गटात २४ मुलं असतील, तर दोन सरासरींतल्या फरकाची प्रमाण त्रुटी १.४ गुणांच्या आसपास येते. म्हणजे अडीच गुणांचं खरंखुरं अंतरही या चाचणीत सार्थक ठरणार नाही. गट जितके लहान, तितकी समतुल्यता सहज सिद्ध होते. हे उलटं आहे. लहान गटात आपल्याला कमी दिसतं, आणि दिसलं नाही म्हणून आपण ते नाहीच असं लिहितो.

तयार तुकड्यांवरच काम करणं भाग असेल तर मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट म्हणजे दोन पूर्वचाचण्या. अपूर्णांकांचा धडा सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी एक, आणि सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तेवढ्याच कठीण पण वेगळ्या प्रश्नांची दुसरी. मधल्या काळात दोन्ही तुकड्या नेहमीचा अभ्यास करतात. पहिल्या वेळी ८ आणि १२, दुसऱ्या वेळी ९ आणि १३ अशा सरासरी आल्या तर अंतर चारच राहिलं. मग वाढ वजा करून पाहण्याला काही आधार मिळतो. दुसऱ्या वेळी अंतर पाच झालं तर ब आपल्या आपणच पुढे सरकते आहे, हे पद्धत बदलण्याआधी कळतं. लॉर्ड यांच्या पेचातला जो प्रश्न आकड्यांना विचारता येत नव्हता, त्याचं थोडं उत्तर अशा रीतीनं मिळतं. थोडंच, कारण धडा सुरू होण्याआधीची चाल नंतर तशीच राहील याची खात्री नसते.

आता दुसरी बाजू. अ आणि ब यांच्या भिंती तीन आठवडे गणिताच्या तासापुरत्या बाजूला ठेवल्या आणि ४८ मुलांची वाटणी चिठ्ठ्यांनी केली, तर काय बदलतं? कोण कुठल्या गटात जाणार हे मुलाच्या हुशारीनं, घरच्या परिस्थितीनं किंवा शिक्षकाच्या मतानं ठरत नाही. त्यामुळे पद्धतींत फरक नसता तर दोन्ही गट सारखेच पुढे गेले असते, योगायोगाचा फरक वगळून. हा योगायोग किती मोठा असू शकतो याचा अंदाज आधीच बांधता येतो. रोनाल्ड फिशर यांनी रॉथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगांतून पुढे आणलेली कल्पना हीच. १९३५ च्या ‘डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’ या पुस्तकात त्यांनी ती सविस्तर मांडली. जमिनीच्या तुकड्यांतला कस आपल्याला पूर्ण माहीत नसतो, म्हणून कुठल्या तुकड्यात कोणतं खत घालायचं ते यादृच्छिक रीतीनं ठरवायचं.

चिठ्ठ्या टाकल्या की पूर्वचाचणीचं काम बदलतं. तयार तुकड्यांत तिच्यावर असमान गटांना समान करण्याचा भार होता, जो ती पेलू शकत नव्हती. चिठ्ठीनंतर तो भार उरत नाही. आता ती मुलांमुलांतला जुना फरक बाजूला काढून पद्धतीचा परिणाम अधिक स्पष्ट दाखवते. तिन्ही वाचकांची उत्तरं इथे एकाच दिशेला येतात, कारण सुरुवातीचं अंतर सरासरीनं शून्य असतं आणि शून्याचं निम्मं केलं काय किंवा तसंच ठेवलं काय, शून्यच. फरक फक्त अचूकतेचा. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी यांचा सहसंबंध ०.५ असेल आणि सहप्रसरणानं समायोजन केलं, तर ४८ मुलांचा अभ्यास पूर्वचाचणीशिवायच्या ६४ मुलांच्या अभ्यासाइतका अचूक होतो. सहसंबंध ०.७ असेल तर जवळजवळ ९४ मुलांइतका. नुसती वाढ मोजली तर मात्र ०.५ च्या सहसंबंधाला काहीच फायदा होत नाही. त्याखाली तर तोटाच होतो, कारण एका चाचणीतली अनिश्चितता दुसरीत मिसळली जाते. चिठ्ठीनं केलेल्या अभ्यासात वाढीचे गुण वापरण्याचं म्हणूनच फारसं कारण नाही, समायोजन वापरावं.

लहान अभ्यासात चिठ्ठी कशी टाकायची यालाही महत्त्व आहे. ४८ नावं पिशवीत टाकून २४ काढली तर गट बहुतेक वेळा जवळजवळ सारखे येतात. पण दोन-तीन गुणांचं अंतर योगायोगानं पडणं अशक्य नाही. ते टाळण्याचा मार्ग पूर्वचाचणीच देते. मुलांची गुणांच्या क्रमानं यादी करायची. पहिली दोघं एक जोडी, तिसरं-चौथं दुसरी जोडी, अशा २४ जोड्या. प्रत्येक जोडीसाठी नाणं उडवायचं. छापा आला तर वरचं मूल घड्यांच्या गटात, काटा आला तर खालचं. या जोड्या आधीच्या फसव्या जोड्यांसारख्या नाहीत, कारण इथे ४८ मुलं एकाच समूहातली आहेत आणि कोण कुठे जाईल हे जोडी लागल्यानंतर नाण्यानं ठरतं. काही जण नाणं न उडवता एक इकडे, एक तिकडे अशी आळीपाळीनं वाटणी करतात. त्यात प्रत्येक जोडीतलं वरचं मूल एकाच गटात जातं आणि तो गट सुरुवातीपासून किंचित पुढे राहतो. नाणी शिक्षकानं एकट्यानं घरी न उडवता दुसऱ्या कुणासमोर उडवावीत आणि लगेच यादीवर लिहावं. ‘हिला तिकडेच बरं जमेल’ अशी एक अदलाबदलही वाटणीची किंमत घालवते.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. अ आणि ब या दोन तुकड्यांपैकी कोणाला घड्या मिळणार हे एकदा नाणं उडवून ठरवलं, तर ती ४८ मुलांची यादृच्छिक वाटणी होत नाही. नाणं एकदाच उडलं आहे, वाटणी दोन वस्तूंची झाली आहे. तुकड्यांतला मूळचा सगळा फरक तसाच राहतो. शिक्षकाचंही असंच. घड्यांच्या वर्गाला उत्साही शिक्षिका आणि नियमाच्या वर्गाला कंटाळलेले शिक्षक असतील तर चिठ्ठीही काही करू शकत नाही, कारण आपण पद्धत मोजतो आहोत की माणूस हे वेगळं काढता येत नाही. दोघांनी आठवड्याच्या मध्यावर वर्ग बदलावेत, म्हणजे प्रत्येकानं दोन्ही पद्धतींनी सारखे तास घ्यावेत, हा साधा उपाय आहे. त्यासाठी दोघांनाही दोन्ही पद्धती नीट येतात याची आधी तयारी करावी लागते.

शाळा मुलांची वाटणी करू देत नसेल आणि एक गट नव्या पद्धतीपासून वंचित राहील अशी तक्रार असेल, तर अदलाबदलीचा आराखडा उपयोगी पडतो. अपूर्णांकांच्या धड्यात अ ला कृतीची पद्धत, क्षेत्रफळाच्या धड्यात ब ला. दोन्ही धड्यांच्या वेगळ्या पूर्वचाचण्या आणि उत्तरचाचण्या. ब मुळात हुशार असेल तर तो फायदा तिला दोन्ही धड्यांत मिळतो, एकदा कृतीच्या बाजूनं, एकदा नियमाच्या. मुंबईत याच्याशी नातं सांगणारं एक मोठं काम झालं आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची मुंबई आणि वडोदरा इथल्या शाळांत पाहणी झाली. वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर रोज सुमारे दोन तास वाचन आणि गणित शिकवत. निम्म्या शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी मिळाली, निम्म्यांना दुसऱ्या इयत्तेसाठी, आणि कुणाला कोणती हे यादृच्छिक रीतीनं ठरलं. त्यामुळे एकही शाळा रिकाम्या हातानं राहिली नाही आणि प्रत्येक इयत्तेला तुलनेसाठी दुसऱ्या शाळा मिळाल्या. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी चाचण्या झाल्या. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात परिणाम पहिल्या वर्षी प्रमाण विचलनाच्या ०.१४ पट आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ पट आढळला. हा दोन पद्धतींचा शुद्ध सामना नव्हता, जादा शिकवणाऱ्याची भर होती. पण वाटणीचा विचार छोट्या शाळेलाही घेता येतो.

हे आकडे आपल्या ४८ मुलांच्या अभ्यासाशेजारी ठेवले की त्याची मर्यादा दिसते. प्रमाण विचलन ५ गुणांचं असेल तर ०.२८ पट म्हणजे २५ पैकी दीड गुणाहूनही कमी. पूर्वचाचणीचं समायोजन करूनही प्रत्येकी २४ मुलांच्या दोन गटांत जो फरक पाचापैकी चार वेळा पकडता येईल, तो साडेतीन गुणांच्या आसपास असावा लागतो. दोन गुणांचा खरा फायदा असला तरी असा अभ्यास बहुतेक वेळा ‘सार्थक फरक नाही’ असंच म्हणेल. म्हणून अहवालात नुसतं सार्थक किंवा असार्थक न लिहिता फरक किती आला आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो, ही मर्यादा द्यावी. ‘घड्यांचा गट १.५ गुणांनी पुढे, खरा फरक उणे १ ते अधिक ४ यांमध्ये असू शकतो’ असं वाक्य वाचणाऱ्या शिक्षकाला बरंच सांगतं. असे चार-पाच शाळांतले अभ्यास एकत्र करता येतात. नुसत्या असार्थक निकालांची बेरीज करता येत नाही.

पूर्वचाचणी स्वतःच मुलांना बदलते, हीही शंका रास्त आहे. १/३ + १/४ हा प्रश्न आधी पाहिलेलं मूल धड्यात त्या जागी कान टवकारून बसतं. रिचर्ड सॉलोमन यांनी १९४९ मध्ये त्यासाठी चार गटांचा आराखडा सुचवला, ज्यात दोन गटांना पूर्वचाचणी देतच नाहीत. ४८ मुलांचे चार भाग केले तर प्रत्येकात १२ उरतात आणि काहीच नीट दिसत नाही. छोट्या अभ्यासात पूर्वचाचणी नेहमीच्या घटकचाचणीच्या रूपात, इतर प्रश्नांत मिसळून घेणं जास्त व्यवहारी आहे.

चिठ्ठीनंतरही एक गोष्ट अभ्यास बिघडवू शकते, ती म्हणजे गळती. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड कामगारांची मुलं आईवडिलांबरोबर निघून जातात. पूर्वचाचणी ऑक्टोबरात आणि उत्तरचाचणी डिसेंबरात ठेवली तर २४ मधली पाच-सहा मुलं नसतील. दोन्ही गटांतून सारखीच मुलं गेली तर तुलना टिकते, गट फक्त लहान होतो. पण घड्यांच्या गटातली गेलेली मुलं पूर्वचाचणीत ६ च्या सरासरीची असतील आणि नियमाच्या गटातली ११ ची, तर उरलेल्या मुलांवरून काढलेला फरक पद्धतीचा राहत नाही. हे तपासणं अवघड नाही. गेलेल्या मुलांचे पूर्वचाचणीचे गुण दोन्ही गटांसाठी वेगवेगळे मांडून अहवालात द्यायचे, आणि उत्तरचाचणीची तारीख ठरवताना गावातलं कारखान्याचं वेळापत्रक आधी विचारून घ्यायचं.